खरूज: सगळ्या घरानं एकाच रात्री मलम कसं लावायचं, कपडे कसे धुवायचे आणि नंतरची खाज कशी ओळखायची

खरजेवरचं मलम बहुतेक वेळा चांगलं काम करतं. तरीही महिन्या-दीड महिन्यानं घरात पुन्हा खाजवणं सुरू होतं आणि दोष मलमाला दिला जातो. खोलात जाऊन विचारलं की तीनपैकी एक गोष्ट हमखास निघते. ज्याला खाज होती त्यानंच मलम लावलं. किंवा लावलं खरं, पण पुरळ दिसत होतं तेवढ्यावरच. किंवा उपचार अगदी बरोबर झाले, पण नंतर उरलेल्या खाजेला घाबरून घरचे रोज मलम चोपडत राहिले आणि त्या मलमानंच कातडी लाल होऊन आग व्हायला लागली.

हा लेख ५ टक्के परमेथ्रिन मलमाबद्दल आहे, कारण साध्या खरजेसाठी सहसा हेच दिलं जातं. खरूज आहे हे डॉक्टरांनी पाहून सांगितलेलं आहे, असं मी धरून चालते. ते झालं नसेल तर आधी ते करा. इसब आणि खरूज एकमेकांसारखी दिसू शकतात आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

सोयीसाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू. ७२ वर्षांच्या आजी, अंगानं भरलेले बाबा, बाळाला अंगावर पाजणारी आई, ८ वर्षांची मुलगी आणि १० महिन्यांचं बाळ. खाज फक्त आईला आणि मुलीला आहे. पंधरा दिवसांपूर्वी मामा आठवडाभर राहून गेला आणि तो मुलीशेजारी झोपायचा.

## टप्पा १: मलम कोणाकोणाला लागणार, ते आधी ठरवा

खरजेचा किडा अंगावर आला म्हणून लगेच खाज सुटत नाही. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर त्या माणसाच्या कातडीत मादी बिळं कोरून अंडी घालत असते आणि त्याच्याकडून खरूज दुसऱ्याला जातही असते. म्हणून “मला काही होत नाही, मला कशाला मलम?” हे बाबांचं म्हणणं ऐकायचं नाही. आज आई आणि मुलगी बऱ्या झाल्या तरी बाबांकडून त्यांना पुन्हा लागण होईल. आणि या वेळी खाज आठवडे थांबणार नाही. शरीर आता किड्याला ओळखतं, त्यामुळे एक ते चार दिवसांत ती सुरू होईल.

यादी अशी करा:

- एका छताखाली राहणारे सगळे, खाज असो वा नसो.
- गेल्या महिना-दीड महिन्यात अंगाला अंग लागून झोपलेले, मुलांना कडेवर घेणारे, घरी येऊन आजींना आंघोळ घालणारे.
- लैंगिक संबंध असलेली व्यक्ती, ती वेगळ्या घरात राहत असली तरी.

साध्या खरजेत हात मिळवल्यानं किंवा एका बाकावर बसल्यानं सहसा लागण होत नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागून राहावी लागते. त्यामुळे शेजारपाजारच्या सगळ्यांना औषध देण्याची गरज नाही. पण मामाला फोन करायलाच हवा. त्यानं आपल्या घरी, आपल्या घरच्यांसोबत, त्याच रात्री मलम लावायचं. हा फोन लाजेपोटी टाळला जातो आणि मग दोन घरांमध्ये खरूज ये-जा करत राहते. खरूज अस्वच्छतेमुळे होत नाही, जवळिकीतून पसरते, एवढं सांगितलं की हा फोन सोपा होतो.

थांबा, आधी डॉक्टरांना विचारा: घरात दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल, कोणी गरोदर असेल, फोडांत पू झाला असेल किंवा ताप असेल तर स्वतःच्या मनानं सुरुवात करू नका. कोणाच्या हातापायांवर जाड, खपल्यांचे थर आले असतील, विशेषतः ती व्यक्ती खूप वयस्कर असेल किंवा तिची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ही साधी खरूज नसण्याची शक्यता आहे. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात. खपल्यांच्या खरजेत ते हजारोंनी असतात, थोड्या स्पर्शानंही पसरतात आणि तिचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतात.

## टप्पा २: मलम किती लागेल याचा हिशेब

कमी मलम आणलं की ते वाचवून वाचवून लावलं जातं आणि पाठ, पावलं, बोटांच्या बेचक्या सुटतात. म्हणून हिशेब आधीच करा. एका फेरीला अंदाजे एवढं मलम लागतं:

- मोठा माणूस आणि १२ वर्षांपुढचं मूल: ३० ग्रॅम. अंगानं मोठ्या माणसाला जास्त, ६० ग्रॅमपर्यंतही.
- ६ ते १२ वर्षं: १५ ग्रॅमपर्यंत.
- १ ते ५ वर्षं: साधारण ७.५ ग्रॅम.
- २ महिने ते १ वर्ष: साधारण ४ ग्रॅम.

आपल्या घराचं गणित मांडू. आजी ३०, आई ३०, बाबा ४५, मुलगी १५ आणि बाळ ४, म्हणजे एका फेरीला १२४ ग्रॅम. फेऱ्या दोन आहेत, म्हणजे २४८ ग्रॅम. ३० ग्रॅमच्या नऊ ट्यूब घेतल्या की २७० ग्रॅम होतात आणि हात धुतल्यावर पुन्हा लावायलाही थोडं उरतं. दुसऱ्या फेरीचं मलम पहिल्याच दिवशी घरात आणून ठेवा. खाज थोडी कमी झाली की दुसऱ्या फेरीसाठी बाहेर पडायचा कंटाळा येतो.

तपासा: ट्यूबवर “परमेथ्रिन ५ टक्के” असंच लिहिलेलं हवं. १ टक्का परमेथ्रिन उवांसाठी असतं, खरजेला ते पुरत नाही. खाजेवरची मिश्र मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, ती लावू नका. त्यांनी लाली आणि खाज दोन्ही दबतात, किडे मात्र कातडीत वाढत राहतात. काही दिवसांनी डॉक्टरांनाही ती खरूज ओळखणं अवघड जातं. आणि शेतीची, डासांची किंवा ढेकणांची फवारणीची औषधं, रॉकेल, फिनेल यांतलं काहीही अंगाला लावू नका. यांनी विषबाधा होऊ शकते आणि कातडी भाजते.

घरात मांजर असेल तर ट्यूब तिच्यापासून दूर ठेवा आणि मलम लावलेल्या अंगाला तिला चाटू देऊ नका. परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी आहे.

## टप्पा ३: मलमाच्या दिवशी संध्याकाळपर्यंतची तयारी

दिवस असा निवडा की सगळे रात्री घरी असतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुवायला वेळ असेल. सुट्टीच्या आदली रात्र उत्तम.

दुपारीच सगळ्यांची नखं अगदी बारीक कापा. खाजवताना किडे आणि अंडी नखांखाली जातात आणि वाढलेल्या नखांखाली मलम पोचत नाही. मग प्रत्येकासाठी स्वच्छ कपड्यांचे दोन जोड बाजूला काढा, एक रात्री घालायला आणि एक सकाळी आंघोळीनंतर. चादरी, उशीचे अभ्रे आणि पांघरुणांचेही दोन संच लागतात. एवढं नसेल तर एक संच सकाळीच धुऊन वाळवून तयार ठेवा.

गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल आणि चादरी एका मोठ्या पिशवीत भरून पिशवीचं तोंड बांधा. भरताना कपडे छातीशी कवटाळू नका, झटकूही नका.

आंघोळ करायची असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी लवकर, कोमट पाण्यानं करा. मलम लावायच्या आधी अंग पूर्ण कोरडं आणि थंड झालेलं हवं. कढत आंघोळ करून लगेच मलम लावलं तर ते गरजेपेक्षा जास्त अंगात शोषलं जातं. दगडानं किंवा घासणीनं अंग घासून खरूज जात नाही, कारण किडे कातडीच्या वरच्या थराच्या आत असतात. घासून फक्त ओरखडे येतात आणि त्यांवर मलम झोंबतं.

जेवण, दात घासणं, शौचालयाला जाणं आधी उरकून घ्या. मलम लावल्यावर जितकं कमी पाणी लागेल तितकं बरं.

## टप्पा ४: मलम लावणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

नियम एकच आहे: हनुवटीखालच्या संपूर्ण कातडीवर मलम लागलं पाहिजे. खाज आहे तिथे आणि नाही तिथेही. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि वयस्कर माणसांना डोकं, कपाळ, चेहरा, कान आणि मान इथेही लावायचं, फक्त डोळे आणि तोंड यांच्याभोवतीचा भाग सोडून. म्हणजे आपल्या घरात आजींना आणि बाळाला डोक्यापासून तळपायापर्यंत, बाकीच्यांना मानेपासून खाली. कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनाही डोक्यापासून.

लावण्याचा क्रम ठरवून घ्या, म्हणजे जागा सुटत नाहीत. मी सांगेन तो क्रम असा:

1. मान, कानांच्या मागे, खांदे आणि काखा.
2. छाती, स्तनांखालची घडी, पोट. बेंबीत बोट घालून मलम लावा.
3. पाठ. हे स्वतःला जमत नाही, दुसऱ्यानंच लावायचं. एकटं राहणाऱ्यानं या कामासाठी कोणाची तरी मदत मागावी.
4. कंबर, कुल्ले, दोन कुल्ल्यांमधली घडी, जांघा आणि गुप्तांगाची बाहेरची कातडी. लाजेनं हीच जागा सुटते, आणि पुरुषांच्या गुप्तांगावर खरजेच्या गाठी हमखास येतात.
5. मांड्या, गुडघ्यांमागची घडी, पोटऱ्या, घोटे.
6. तळपाय आणि पायाच्या प्रत्येक दोन बोटांमधली बेचकी.
7. सगळ्यात शेवटी हात: कोपर, मनगट, तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली. नखांखाली मलम पोचवायला जुना मऊ टूथब्रश वापरा आणि मग तो फेकून द्या.

थर पातळ हवा, पण चोळून जिरवा. कातडी पांढरी दिसेपर्यंत लेप द्यायची गरज नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातला दोरा काढूनच लावा. त्यांच्याखाली गोल पट्टाभर कातडी कोरडी राहते आणि मनगट ही तर किड्यांची आवडती जागा आहे.

घरात कोणाला कधी लावायचं? जो इतरांना लावून देणार आहे त्यानं स्वतःला शेवटी लावायचं. आपल्या घरात बाबा आधी आजींना लावतील, आई बाळाला आणि मुलीला. मग आई-बाबा एकमेकांच्या पाठीला लावतील, उरलेलं अंग स्वतः करतील आणि हात सर्वांत शेवटी. हे सगळं एका तासात व्हावं. “आज मुलांचं करू, आमचं उद्या” असं केलं की रात्री मूल आईच्या कुशीत झोपतं आणि पहिल्या फेरीचा फायदा तिथेच संपतो.

बाळाबद्दल दोन गोष्टी. बाळ मूठ तोंडात घालतं, म्हणून हातांना मलम लावून वर सुती मोजे घाला. लंगोट बदलताना पुसलेल्या जागी पुन्हा थोडं मलम लावा. आईनं पाजायच्या आधी स्तनाग्र आणि भोवतालचा भाग पाण्यानं धुवावा आणि पाजून झाल्यावर तिथे पुन्हा मलम लावावं.

तपासा: कपडे घालण्याआधी दुसऱ्यानं एकदा उजेडात मागून-पुढून बघावं. टाचा, काखेचा मागचा भाग, पाठीचा मधला पट्टा आणि पायांच्या शेवटच्या दोन बोटांमधली जागा मुद्दाम बघा.

आता स्वच्छ कपडे, स्वच्छ चादरी आणि झोप.

## टप्पा ५: रात्र आणि सकाळ

मलम ८ ते १४ तास अंगावर राहिलं पाहिजे. रात्री ९ वाजता लावून सकाळी ८ वाजता धुतलं तर ११ तास होतात, आणि ते बरोबर बसतं. पहाटे लवकर कामाला निघणाऱ्यानं संध्याकाळी ७ वाजताच लावावं.

रात्री शौचालयाला जाऊन हात धुतले, भांडं विसळलं, बाळाला पुसलं, तर तेवढ्या भागावर पुन्हा मलम लावायचं. ट्यूब आणि कागदाचा रुमाल उशाशी ठेवा. बोटांच्या बेचक्या आणि मनगटं ही किड्यांची मुख्य वस्ती आहे आणि रात्रीत तीच जागा सर्वांत आधी धुतली जाते. माझ्या मते दोन फेऱ्या करूनही खरूज न गेलेल्या घरांत हे कारण फार जास्त वेळा असतं, फक्त कोणाच्या लक्षात राहत नाही.

पहिल्या रात्री थोडी जळजळ, चुणचुण किंवा खाज वाढल्यासारखी वाटणं हे होऊ शकतं. पण अंगावर मोठ्या गांध्या उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मलम लगेच धुऊन तातडीनं दवाखाना गाठा.

सकाळी साबणानं आंघोळ करा. पाणी कोमट असू द्या, कढत नको. मग कपड्यांचा दुसरा स्वच्छ जोड घाला आणि रात्री वापरलेल्या चादरी आणि कपडे त्या बांधलेल्या पिशवीसोबत धुवायला काढा.

मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकतं, मोठी माणसं कामावर जाऊ शकतात.

## टप्पा ६: कपडे, चादरी आणि घर

इथे लोक एक तर काहीच करत नाहीत, नाहीतर पूर्ण घर उलथंपालथं करून दमतात. दोन्ही नको. माणसाच्या अंगापासून दूर झाल्यावर हा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेल्या वस्तूंचीच काळजी घ्यायची. कपाटात महिनाभर घडी करून ठेवलेले कपडे धुवायची गरज नाही.

गरम पाणी. मशीन असेल तर ६० अंशांवर धुवा. हातानं धुवायचं असेल तर बादलीत कपडे ठेवून वरून उकळतं पाणी ओता, झाकण लावून किमान १० मिनिटं ठेवा आणि मगच साबण लावा. पाणी ५० अंशांखाली गेलं तर किडे मरतील याचा भरवसा नाही. ओतलेलं उकळतं पाणी कपड्यांच्या ढिगात लवकर निवतं, म्हणून थोडे थोडे कपडे घ्या, पाणी भरपूर घ्या आणि बादलीपासून मुलांना लांब ठेवा. मग उन्हात वाळवा आणि जमल्यास शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. नुसतं ऊन दाखवून सोडू नका. घडीच्या आतला भाग पुरेसा तापत नाही.

गरम पाणी न चालणाऱ्या वस्तू. लोकरीचे कपडे, जाड रजया, मऊ खेळणी, चपला, शाळेचं दप्तर हे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. किमान तीन दिवस पुरतात. पण मी ती पिशवी पूर्ण आठवडा बंद ठेवायला सांगते, कारण मग ती दुसऱ्या फेरीच्याच दिवशी उघडायची असते आणि तारीख चुकत नाही. पिशवीवर बांधल्याची तारीख लिहा.

गादी आणि बैठक. गादी झाडून किंवा व्हॅक्यूमनं साफ करून वर स्वच्छ चादर घाला. कापडी सोफ्यावर तीन दिवस जाड चादर घाला किंवा तिथे बसू नका. घरात कीटकनाशक फवारू नका, धुरी देऊ नका. साध्या खरजेत त्याचा उपयोग नाही आणि लहान बाळ असलेल्या घरात तो धूर अपायकारक आहे. कुत्र्या-मांजरांच्या खरजेचा किडा वेगळा असतो आणि माणसाच्या अंगावर तो वस्ती करत नाही, त्यामुळे घरच्या प्राण्यांना हे मलम लावायचं नाही.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि पुढचे काही दिवस रोज बदललेला.

## टप्पा ७: सातव्या दिवशीची दुसरी फेरी

पहिली फेरी शनिवारी रात्री झाली असेल तर दुसरी पुढच्या शनिवारी रात्री. पुन्हा सगळ्यांनी, पुन्हा पूर्ण अंगाला, तेवढ्याच तासांसाठी आणि सकाळी चादरी-कपडे बदलून. पहिल्या फेरीत जिवंत किडे मरतात, पण काही अंडी वाचू शकतात. ती तीन-चार दिवसांत फुटतात आणि पिल्लू मोठं होऊन अंडी घालू लागायला साधारण दहा ते पंधरा दिवस जातात. दुसरी फेरी मधल्या काळात, म्हणजे पिल्लं बाहेर आलेली असतात पण अंडी घालायला लागलेली नसतात तेव्हा, पडते. तिसऱ्या दिवशी घाईनं केली तर काही अंडी अजून फुटलेलीच नसतात, आणि महिन्यानं केली तर नवी अंडी पडून गेलेली असतात.

बाबांना अजूनही खाज नसेल, तरी त्यांचीही फेरी होणार. मुलीची खाज अर्ध्यानं कमी झाली असेल, तरी तिचीही. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत मलम लावायचं नाही.

काही वेळा डॉक्टर मलमाऐवजी किंवा मलमासोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि त्याही आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा घ्यायच्या असतात. गरोदर स्त्रियांना आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या सहसा देत नाहीत. एकाची गोळी दुसऱ्यानं घेऊ नये.

## टप्पा ८: उपचारांनंतरची खाज

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, काहींना सहा आठवड्यांपर्यंत. ही खाज किड्याच्या हालचालीची नसते. मेलेले किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा कातडीत अडकलेली असते आणि शरीर त्यांच्यावर चिडलेलं असतं. कातडीचा वरचा थर हळूहळू झडून नवा येतो तेव्हाच ते बाहेर पडतं. मलमाची तिसरी, चौथी, पाचवी फेरी करून हा वेग वाढत नाही. उलट कातडी कोरडी पडते, तिची आग होते, नवी खाज सुरू होते आणि घरच्यांना वाटतं खरूज वाढली.

मग खाज खरजेची की बरं होण्यातली, हे कळणार कसं? दोन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे उतरण. आई आणि मुलगी यांनी रात्रीच्या खाजेला ० ते १० मध्ये गुण द्यायचे आणि रविवारी कॅलेंडरवर लिहायचे. मुलीचे आकडे ९, ७, ४, २ असे उतरत असतील तर काही करायचं नाही. एखादी रात्र वाईट गेली तरी आठवड्याचा कल बघायचा.

दुसरी म्हणजे नवे डाग. दुसऱ्या फेरीनंतर हात, मनगटं आणि पोट यांचे फोटो काढा आणि आठवड्यानं तुलना करा. खरजेचं बीळ उजेडात तिरपं धरून पाहिलं तर करड्या रंगाची, वाकडीतिकडी, अर्ध्या ते एक सेंटिमीटरची बारीक रेघ दिसते आणि तिच्या टोकाला टाचणीच्या अग्रापेक्षाही बारीक काळसर ठिपका. दिसत नसेल तर संशयाच्या जागी शाईचं पेन फिरवून ओल्या कापडानं पुसा. बिळात शाई मुरते आणि रेघ निळी राहते. जुनी बिळं काही दिवस दिसत राहतात, त्यांना घाबरू नका. प्रश्न फक्त नव्या जागी उठलेल्या रेघांचा आहे.

काखेत, जांघेत, गुप्तांगावर लालसर-तपकिरी घट्ट गाठी राहिल्या असतील तर त्या काही महिनेही टिकू शकतात. त्यांत जिवंत किडे असतातच असं नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं मलम देतात.

खाज सहन होण्यासाठी: आंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात, त्यानंतर तीन-चार मिनिटांत साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. खाजणाऱ्या जागी ओल्या थंड कापडाची पट्टी ठेवा. झोप लागत नसेल तर डॉक्टर रात्रीची ॲलर्जीची गोळी देतात. दोन्ही फेऱ्या नीट झाल्यावर काही दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड मलमही देतात. हे मलम आधी घातक आणि आता उपयोगी का, तर आता लपून बसायला किडे उरलेले नसतात. तरीही ते स्वतःच्या मनानं लावू नका, विशेषतः बाळाला.

## परत दवाखान्यात कधी जायचं

- दुसऱ्या फेरीनंतर दोन आठवड्यांनीही नव्या रेघा किंवा नवे फोड येत असतील.
- चार आठवड्यांनी खाज सुरुवातीइतकीच असेल, किंवा सहा आठवडे उलटूनही पूर्ण गेली नसेल.
- घरात ज्याला आजवर खाज नव्हती त्याला आता सुरू झाली.
- फोडांत पू, पिवळ्या खपल्या, भोवती दुखणारी गरम लाली किंवा ताप.
- मुलाचा चेहरा किंवा पाय सुजले, किंवा लघवी कोकमासारखी लालसर-तपकिरी झाली. खाजवलेल्या फोडांत जंतू शिरले तर मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. त्याच दिवशी दाखवा.

जाताना डॉक्टरांना चार गोष्टी लिहून न्या: कोणी कोणत्या तारखेला मलम लावलं, किती तास ठेवलं, प्रत्येकाला किती ट्यूब लागल्या आणि यादीतलं कोण राहून गेलं. आपल्या घरात पाचव्या आठवड्यात मुलीला बोटांच्या बेचकीत तीन नव्या रेघा दिसल्या, असं समजा. बाकी सगळं बरोबर झालं होतं. विचारल्यावर कळलं की मामानं पहिली फेरी केली, दुसरी राहून गेली, आणि तो परवाच दोन रात्री राहून गेला होता. अशा वेळी औषध बदलण्याआधी डॉक्टर मामासकट सगळ्यांच्या दोन्ही फेऱ्या, एकाच तारखेला, पुन्हा करायला सांगतील. सगळं काटेकोर करूनही नव्या रेघा येत राहिल्या, तर मात्र मलमाचा परिणाम होत नसावा हे धरून दुसरं औषध ठरवतील.